अ‍ॅरेतला घटक मेमरीत नेमका कुठे?

संगणकाच्या मेमरीला लांबी असते, रुंदी नसते. बाइटमागे बाइट अशी ती एकच सलग रांग असते. प्रत्येक बाइटला एक क्रमांक मिळतो आणि त्यालाच पत्ता म्हणतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र सरळ रांगेपेक्षा तक्ते जास्त लागतात. तक्त्यात ओळी असतात, स्तंभ असतात आणि `A[2][7]` असे लिहिले की अमुक ओळीतला, अमुक स्तंभातला घटक हाती यावा अशी अपेक्षा असते. हा तक्ता एका रांगेत कसा उलगडायचा आणि उलगडल्यावर एखादा घटक कोणत्या पत्त्यावर जातो, हे ठरवण्याचे दोन प्रचलित नियम आहेत. एकाला रो-मेजर म्हणतात, दुसऱ्याला कॉलम-मेजर.

रो-मेजर पद्धतीत पहिली ओळ पूर्ण मांडली जाते, तिच्या शेवटच्या घटकाला लागून दुसरी ओळ सुरू होते, मग तिसरी. कॉलम-मेजर पद्धतीत पहिला स्तंभ वरून खालपर्यंत आधी मांडला जातो आणि मग दुसऱ्या स्तंभाचा वरचा घटक येतो. दोन्ही पद्धती मराठी घरांना परिचित आहेत. भिंतीवरच्या कालनिर्णयात वार डाव्या कडेला एकाखाली एक असतात आणि तारखा स्तंभातून खाली उतरतात. म्हणजे एक घर खाली गेले की तारीख १ ने वाढते आणि एक घर उजवीकडे गेले की ७ ने. मोबाइलमधल्या कॅलेंडरात वार वरच्या बाजूला असतात, तिथे हेच नेमके उलटे होते. महिना तोच आणि तारखाही त्याच, फक्त उलगडण्याचा क्रम वेगळा.

पत्त्याचे सूत्र पाठ करण्यापेक्षा ते काय मोजते हे पाहिलेले बरे. हव्या असलेल्या घटकाच्या आधी मेमरीत किती घटक बसले आहेत, एवढेच त्यात मोजले जाते. त्या संख्येला एका घटकाच्या आकाराने गुणायचे आणि अ‍ॅरे जिथून सुरू होतो त्या पत्त्यात मिळवायचे. सुरुवातीच्या पत्त्याला बेस अ‍ॅड्रेस म्हणतात आणि तो `B` ने दाखवतात. एका घटकाला लागणारे बाइट म्हणजे `W`. पहिल्या इंडेक्सची खालची व वरची मर्यादा `L1` आणि `U1`, दुसऱ्याची `L2` आणि `U2`.

```
M = U1 - L1 + 1      (ओळींची संख्या)
N = U2 - L2 + 1      (स्तंभांची संख्या)

रो-मेजर:   A[i][j] चा पत्ता = B + W * ((i - L1) * N + (j - L2))
कॉलम-मेजर: A[i][j] चा पत्ता = B + W * ((i - L1) + M * (j - L2))
```

रो-मेजर सूत्र वाचून पाहिले तर अर्थ लगेच लागतो. `i - L1` म्हणजे आधी पूर्ण झालेल्या ओळी. प्रत्येक ओळीत `N` घटक असतात म्हणून गुणाकार. `j - L2` म्हणजे चालू ओळीत आपल्या घटकाच्या डावीकडे असलेले घटक. कॉलम-मेजरमध्ये हीच मोजणी स्तंभांच्या बाजूने होते: आधी पूर्ण झालेले स्तंभ `j - L2`, प्रत्येक स्तंभात `M` घटक, आणि चालू स्तंभात वर असलेले `i - L1` घटक. इंडेक्स शून्यापासून सुरू होत असेल तर `L1` आणि `L2` दोन्ही शून्य होतात आणि सूत्र बरेच आटोपशीर होते. परीक्षेत मात्र मर्यादा मुद्दाम वाकड्या दिलेल्या असतात, कधी उणे संख्यासुद्धा.

असाच एक प्रश्न घेऊ. `A[-4..5][3..14]` हा अ‍ॅरे आहे, प्रत्येक घटकाला ४ बाइट लागतात, बेस अ‍ॅड्रेस २००० आहे. `A[2][7]` चा पत्ता दोन्ही पद्धतींनी काढायचा आहे.

```
M = 5 - (-4) + 1 = 10
N = 14 - 3 + 1   = 12
i - L1 = 2 - (-4) = 6
j - L2 = 7 - 3    = 4

रो-मेजर:   2000 + 4 * (6 * 12 + 4) = 2000 + 4 * 76 = 2304
कॉलम-मेजर: 2000 + 4 * (6 + 10 * 4) = 2000 + 4 * 46 = 2184
```

गुण जातात ते बहुधा पहिल्या दोन ओळींत. -४ पासून ५ पर्यंत किती संख्या, असे विचारले की घाईत ९ लिहिले जाते. दोन्ही टोके धरायची असल्याने उत्तर १० आहे. सूत्रातला `+ 1` त्यासाठीच. दुसरी चूक म्हणजे `M` आणि `N` ची अदलाबदल. ती लपून राहते, कारण आकडे दिसायला ठीकच दिसतात. ती पकडण्याची एक सोपी तपासणी आहे. अ‍ॅरेतले एकूण घटक १० गुणिले १२ म्हणजे १२० आहेत, म्हणून शेवटचा घटक `A[5][14]` याच्या आधी ११९ घटक असायला हवेत. रो-मेजरने ९ × १२ + ११ = ११९ येते, कॉलम-मेजरने ९ + १० × ११ = ११९. दोन्हीकडे पत्ता २४७६. पद्धत कोणतीही असो, पहिल्या आणि शेवटच्या घटकाची जागा बदलत नाही. आपल्या सूत्रात हा मेळ बसला नाही तर `M` किंवा `N` चुकलेला आहे, हे उघड.

एकाच अ‍ॅरेतले चार-पाच पत्ते विचारले असतील तर दरवेळी मर्यादा वजा करत बसण्याची गरज नसते. रो-मेजर सूत्रातील कंस सोडवून `i` आणि `j` नसलेला भाग वेगळा काढला तर तो २००० - ४ × (-४ × १२ + ३) = २१८० येतो. मग पत्ता म्हणजे नुसते `2180 + 48*i + 4*j`. `A[2][7]` साठी २१८० + ९६ + २८ = २३०४, तोच जुना आकडा. कम्पायलरही हेच करतो: स्थिर भाग एकदाच काढून ठेवतो आणि प्रोग्राम चालताना फक्त दोन गुणाकार आणि बेरजा उरतात. २१८० हा `A[0][0]` चा पत्ता दिसतो, पण दुसरा इंडेक्स ३ पासून सुरू होतो, तेव्हा असा घटक या अ‍ॅरेत नाहीच. त्या जागी प्रत्यक्षात `A[-1][12]` बसलेला आहे.

प्रश्न उलट्या दिशेनेही येतो. पत्ता दिलेला असतो आणि घटक ओळखायचा असतो. वरच्याच अ‍ॅरेत २२२८ या पत्त्यावर कोण आहे? आधी २२२८ मधून २००० वजा करून ४ ने भागले की ५७ मिळतात, म्हणजे त्याच्या आधी ५७ घटक आहेत. रो-मेजर असेल तर ५७ ला `N` ने, म्हणजे १२ ने भागायचे: भागाकार ४, बाकी ९. भागाकार ओळ सांगतो आणि बाकी स्तंभ, म्हणून `i` = -४ + ४ = ०, `j` = ३ + ९ = १२ आणि घटक `A[0][12]`. कॉलम-मेजर असेल तर `M` ने, म्हणजे १० ने भागायचे: भागाकार ५, बाकी ७. इथे भागाकार स्तंभाचा आणि बाकी ओळीची, म्हणून `j` = ८, `i` = ३ आणि घटक `A[3][8]`. ४ ने भागताना पूर्ण भाग गेला नाही तर तो पत्ता कोणत्याच घटकाच्या सुरुवातीचा नाही.

तिसऱ्या प्रकारात बेस अ‍ॅड्रेस सांगितलेलाच नसतो. समजा `K` या २५ ओळी आणि १६ स्तंभांच्या अ‍ॅरेत प्रत्येक घटक ८ बाइटचा आहे, `K[9][4]` हा ३६०० वर आहे आणि `K[12][1]` चा पत्ता हवा आहे. पुष्कळ विद्यार्थी आधी बेस काढतात आणि मग इंडेक्स शून्यापासून धरायचा की एकपासून, या प्रश्नावर अडतात. त्याची इथे गरजच नाही. दोन घटकांमधले अंतर काढताना खालच्या मर्यादा एकमेकींना छेदून जातात. रो-मेजरमध्ये तीन ओळी पुढे आणि तीन स्तंभ मागे, म्हणजे ३ × १६ - ३ = ४५ घटक, ३६० बाइट; पत्ता ३९६०. कॉलम-मेजरमध्ये ३ + २५ × (-३) = -७२ घटक, म्हणजे ५७६ बाइट मागे; पत्ता ३०२४. पुढच्या इंडेक्सचा घटक मेमरीत मागे सापडतो, हे कॉलम-मेजरमध्ये अगदी साधे आहे. मात्र प्रश्नात बेस अ‍ॅड्रेसच विचारला असेल तर सुरुवात कुठून हे ठरवावेच लागते. रो-मेजर धरून, शून्यापासून मोजले तर बेस २४१६ येतो, एकपासून मोजले तर २५५२. प्रश्नात स्पष्ट उल्लेख नसेल तर उत्तराच्या पहिल्या ओळीतच आपण काय धरले ते लिहिणे शहाणपणाचे.

दोनाहून अधिक मिती आल्या की सूत्र लांबते, पण विचार तोच राहतो. रो-मेजरमध्ये शेवटचा इंडेक्स सर्वांत वेगाने फिरतो, कॉलम-मेजरमध्ये पहिला. तीन मितींच्या अ‍ॅरेत घटकांची संख्या अनुक्रमे `M`, `N`, `R` असेल आणि खालची मर्यादा वजा केलेले इंडेक्स `p`, `q`, `r` असतील, तर आत बाहेर कंस लावून लिहिलेले सूत्र लक्षात ठेवायला सर्वांत सोपे जाते.

```
रो-मेजर:   B + W * ((p * N + q) * R + r)
कॉलम-मेजर: B + W * (p + M * (q + N * r))
```

`T[0..3][1..5][-2..3]` असा अ‍ॅरे, बेस १०००, प्रत्येक घटक २ बाइट, आणि हवा आहे `T[2][4][1]`. तिन्ही मितींत ४, ५ आणि ६ घटक आहेत; वजाबाकीनंतर `p` = २, `q` = ३, `r` = ३. रो-मेजरने (२ × ५ + ३) × ६ + ३ = ८१ घटक, पत्ता ११६२. कॉलम-मेजरने २ + ४ × (३ + ५ × ३) = ७४ घटक, पत्ता ११४८. चौथी मिती आली तरी आणखी एक कंस वाढतो, इतकेच.

सूत्राकडे पुन्हा पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते: रो-मेजरच्या सूत्रात `M` कुठेच नाही. ओळी किती आहेत याने पत्त्यात काही फरक पडत नाही, प्रत्येक ओळ किती लांब आहे याने पडतो. सी भाषेतला एक नियम नवशिक्यांना जुलमी वाटतो, त्याचे मूळ इथे आहे. फंक्शनला द्विमितीय अ‍ॅरे द्यायचा तर पहिला कंस रिकामा चालतो, दुसरा चालत नाही.

```c
int sum(int a[][12], int rows);   /* चालते */
int sum(int a[][], int rows);     /* कम्पायलर नाकारतो */
```

दुसऱ्या प्रकारात `a[i][j]` चा पत्ता काढायला लागणारा `N` कम्पायलरकडे नसतो. पहिल्यात तो असतो, पण ओळी कुठे संपतात हे त्याला कळत नाही. म्हणून `rows` वेगळे पाठवावे लागते.

सूत्राचा आणखी एक स्वभाव घातक ठरू शकतो. दिलेला इंडेक्स मर्यादेत आहे की नाही हे ते विचारत नाही. वरच्या अ‍ॅरेत `j` चा शेवट १४ आहे. चुकून `A[0][15]` मागितले तर रो-मेजर सूत्र ४ × १२ + १२ = ६० घटक ओलांडून जाते आणि तिथे `A[1][3]`, म्हणजे पुढच्या ओळीचा पहिला घटक, बसलेला असतो. सी भाषेत इंडेक्सची अशी तपासणी आपोआप होत नाही. त्यामुळे प्रोग्राम अनेकदा न थांबता चालू राहतो आणि भलत्याच घटकाची किंमत बदलतो. एखाद्या तक्त्यात प्रत्येक ओळीचा पहिलाच आकडा बिघडलेला दिसू लागला तर आधीच्या ओळीवर चालणारे लूप एक पाऊल जास्त जाते आहे का, हे आधी पाहावे.

कोणत्या भाषेने कोणता क्रम घेतला याला इतिहास आहे. जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ या यंत्रासाठी तयार केलेली फोरट्रान १९५७ मध्ये बाहेर आली. तिने कॉलम-मेजर क्रम स्वीकारला आणि आजही तोच पाळते. मॅटलॅब, आर आणि ज्युलिया याच वाटेने जातात. क्लीव्ह मोलर यांनी मॅटलॅबची पहिली आवृत्ती फोरट्रानमध्येच लिहिली होती. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबोरेटरीजमध्ये घडवलेली सी रो-मेजर आहे. पायथनच्या नमपाय या लायब्ररीत न सांगता रो-मेजर मिळतो आणि सांगितले तर कॉलम-मेजरही. नमपायमध्ये सूत्रातले गुणक उघडपणे पाहताही येतात.

```python
import numpy as np
a = np.zeros((10, 12), dtype=np.int32)
b = np.zeros((10, 12), dtype=np.int32, order='F')
print(a.strides)   # (48, 4)
print(b.strides)   # (4, 40)
```

हे आपल्याच उदाहरणातले १० × १२ चे, ४ बाइटच्या घटकांचे अ‍ॅरे आहेत. `a` मध्ये एक ओळ खाली जायला ४८ बाइट ओलांडावे लागतात, एक स्तंभ उजवीकडे जायला ४. `b` मध्ये खाली जायला ४ आणि उजवीकडे जायला ४०. मघाच्या आटोपशीर सूत्रातले `48*i + 4*j` ते हेच.

दोन क्रमांच्या भाषा एकत्र वापरल्या की गोंधळ होतो. सी प्रोग्रामने आपला तक्ता फोरट्रानमधल्या एखाद्या गणिती रूटीनला दिला, तर बाइट जसेच्या तसे जातात पण ते वाचण्याचा नियम बदलतो, आणि ओळी स्तंभ होऊन बसतात. तक्ता चौरस असेल तर तो कर्णावर पालथा झालेला दिसतो: कर्णावरचे आकडे बरोबर, बाकीचे समोरासमोर बदललेले. तक्ता कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखाच असेल तर चूक दिसतही नाही, म्हणून चाचणी अशा तक्त्यावर घेऊ नये. चौरस नसलेला, प्रत्येक घरात वेगळा आकडा असलेला २ × ३ चा तक्ता पाठवून पाहिला की गडबड लगेच उघडी पडते.

क्रमाचा परिणाम वेगावरही होतो. प्रोसेसर मेमरीतून एकेक घटक आणत नाही. आजच्या बहुतेक संगणकांत तो एका वेळी ६४ बाइटचा तुकडा कॅश मेमरीत आणतो. ८ बाइटच्या दशांश संख्या असतील तर त्या तुकड्यात आठ शेजारी येतात. सी मध्ये आतले लूप `j` वर चालवले तर आठही उपयोगी पडतात. तेच लूप `i` वर चालवले तर दर पावलाला संपूर्ण ओळीएवढी उडी पडते आणि तक्ता मोठा असेल तर आणलेल्या आठांतला एकच वापरून बाकीचे वाया जातात. उत्तर तेच येते, वेळ मात्र कितीतरी जास्त लागतो. फोरट्रानमध्ये हा सल्ला उलटा वाचायचा. तक्ता इतका लहान असेल की पूर्णच कॅशमध्ये मावतो, तर फरक जाणवणारही नाही.

ही सारी सूत्रे एका अटीवर उभी आहेत: संपूर्ण तक्ता मेमरीत सलग बसलेला असला पाहिजे. जावामध्ये `int[][]` लिहिले तरी तो खरा द्विमितीय तक्ता नसतो. बाहेरच्या अ‍ॅरेत प्रत्येक ओळीचा फक्त संदर्भ असतो आणि ओळी मेमरीत वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. त्यांची लांबीही सारखी असावी असे बंधन नाही. पायथनमध्ये यादीत याद्या ठेवल्या किंवा सी मध्ये `int **` घेऊन प्रत्येक ओळीसाठी `malloc` वेगळा केला तरी तोच प्रकार. अशा ठिकाणी `A[2][7]` गाठायला आधी ओळीचा पत्ता मेमरीतून वाचावा लागतो आणि मग त्या ओळीत पुढे जावे लागते. एकाच बेस अ‍ॅड्रेसवरून केलेला हिशोब तिथे लागू पडत नाही. एका ओळीच्या आत मात्र `W * (j - L2)` एवढा भाग सी आणि जावात खरा राहतो.